ट्रिपचा खर्च कसा वाटायचा? सहापैकी दोघांनी स्कूबा केलंच नाही (मदत हवी आहे)

डोंगरवाट

नमस्कार. आम्ही सहा जण तीन दिवसांच्या ट्रिपला जाऊन आलो आणि हिशेब माझ्या गळ्यात पडलाय. दोन रात्री वही घेऊन बसले, तरी जुळत नाहीये. सगळे जुने मित्र आहेत, त्यामुळे पैशांपेक्षा कुणाचं मन दुखावेल याचीच धास्ती जास्त आहे. आकडे सोपे पडावेत म्हणून गोल करून लिहिते.

राहण्याचे 24,000 मी भरले. गाडीचे 12,000 आणि बोटीचे 9,000 एका मित्राने भरले. जेवणाखाण्याचे 9,000 एका मैत्रिणीने दिले, आणि स्कूबाचे 6,000 आणखी एकाने. एकूण 60,000. बोट अख्खी ठरवली होती, म्हणजे दोन माणसं बसोत की सहा, भाडं तेवढंच. स्कूबाचे मात्र जो पाण्यात उतरेल त्याचेच, डोक्यामागे 1,500. उतरलो चौघे.

न उतरलेल्या दोघांपैकी एका मैत्रिणीने, बोट ठरवायच्या आधीच, "मला खोल पाण्याची भीती वाटते, मला धरू नका" असं स्पष्ट सांगितलं होतं. दुसरा मित्र मात्र हो म्हणाला होता. बोट पाच जणांच्या हिशेबाने ठरली, पैसे आगाऊ गेले, ते परत मिळणारे नव्हते. त्या दिवशी सकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं आणि तो खोलीवरच थांबला.

मी 60,000 ला 6 ने भागलं, 10,000 आले. बोट आणि स्कूबाचे मिळून 15,000, म्हणजे माणशी 2,500. ते या दोघांना वजा करून त्यांना 7,500 सांगितले, बाकी चौघांना 10,000. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. रात्री बेरीज केली तर 55,000 च होतात! 5,000 कुठे गेले?

सावकाश_चला

5,000 कुठेही गेले नाहीत, ते तुमच्याच अंगावर आलेत. दोघांना 2,500 कमी केले ते बरोबर, पण कमी केलेली रक्कम बाकीच्या चौघांवर चढवायची राहिली. 5,000 भागिले 4, म्हणजे 1,250. उतरलेल्यांचे 11,250 आणि न उतरलेल्यांचे 7,500. करून बघा, 60,000 होतात. ज्याने मजा केली त्याने पैसे द्यायचे, विषय संपला.

रानपाखरू

मित्रांनी पैसे द्यायला नकार दिला की असंच होतं. आमच्याकडे एक जण नेहमी उशिरा येतो आणि पूर्ण भाडं द्यायला कुरकुर करतो. शेवटी आम्ही माणसं गुणिले रात्री असा हिशेब केला. पाच जण दोन रात्री आणि तो एक रात्र, म्हणजे 11 रात्री झाल्या. भाड्याला 11 ने भागलं आणि ज्याच्या जितक्या रात्री तितके त्याने दिले. तेव्हापासून कटकट नाही.

डोंगरवाट

@रानपाखरू, आमच्यात नकार कुणीच दिलेला नाही, उलट दोघंही "सांगशील तेवढे देतो" म्हणतायत. आणि तिन्ही दिवस सगळे एकत्रच होतो, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. पण रात्रींचा हिशेब लक्षात ठेवते.

@सावकाश_चला, बेरीज जुळली, मनापासून आभार. दोन दिवस तेच कळत नव्हतं.

वहीतली_पानं

बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर झाली असं नाही. 11,250 आणि 7,500 या वाटणीत न उतरलेल्या दोघांना एकाच मापाने मोजलंय, आणि ते दोघं एकाच जागी उभे नाहीत.

मी बरीच वर्षं आमच्या भटक्यांच्या ग्रुपचा हिशेब ठेवतोय. प्रत्येक खर्चापुढे मी दोन गोष्टी बघतो. पैसे डोक्यामागे गेले की एकदम ठोक गेले? आणि ते खर्च करायचं ठरलं त्या क्षणी कोण कोण हो म्हणालं होतं? डोक्यामागचा खर्च ज्याने केला त्याचा, त्यात वाद नाही. स्कूबाचे 6,000 चौघांचे, प्रत्येकी 1,500. मित्र उतरला नाही, त्याचे 1,500 कुणी भरलेच नाहीत, म्हणून त्याच्याकडून घ्यायचेही नाहीत.

बोट वेगळी. ती पाच जणांच्या भरवशावर ठरली. तुमच्यापैकी प्रत्येकाने मनात 1,800 धरले होते. मित्र सकाळी थांबला म्हणून भाडं कमी झालं नाही. सावकाश_चला यांच्या पद्धतीने ते 9,000 चौघांवर पडतात, म्हणजे 2,250. त्याच्या डोकेदुखीचे प्रत्येकी 450 चौघांनी भरायचे, आणि ते कुणी त्यांना विचारलेलंही नाही. म्हणून बोटीचे वाटेकरी पाच. मैत्रिणीने बोट ठरायच्या आधीच नाही म्हटलं होतं, ती त्यात येत नाही.

आता मांडा. राहणं, गाडी, जेवण मिळून 45,000 सहा जणांचे, प्रत्येकी 7,500. मैत्रीण तिथेच थांबली: 7,500. मित्राचे 7,500 आणि बोटीचे 1,800, म्हणजे 9,300. तुम्हा चौघांचे त्यावर 1,500 आणखी, म्हणजे 10,800. चौघांचे 43,200, अधिक 9,300, अधिक 7,500. बरोबर 60,000.

सावकाश_चला

हे पटतंय, बोटीचं मी सगळं एकाच पिशवीत टाकलं होतं. तरी एक सांगा, तो आजारी होता हो. मुद्दाम थोडीच थांबला? आजारी मित्राकडून न केलेल्या गोष्टीचे 1,800 मागताना मला तरी जड जाईल.

वहीतली_पानं

जड जाणारच, मलाही जातं. पण तो आजारी पडला यात बाकी चौघांचाही दोष नाही. चौघांनी मिळून त्याचे 1,800 उचलायचे ठरवलं तर छानच आहे, मात्र ते चौघांनी ठरवायचं. हिशेब ठेवणाऱ्याने गुपचूप वहीत तसं लिहून टाकायचं नाही. आधी खरा आकडा सगळ्यांसमोर ठेवावा, मग ज्याला सोडायचंय त्याने सोडावं.

निळी_छत्री

मी हे शीटमध्ये करते. खर्चाची एक ओळ, रक्कम B मध्ये, मग C ते H सहा जण. जो त्या खर्चात आहे त्याच्याखाली 1, नाही त्याच्याखाली 0. I मध्ये त्या ओळीतल्या एकांची बेरीज. डोंगरवाट, तुमच्या पाच ओळी होतील (2 ते 6), कारण बोट आणि स्कूबा वेगळ्या ओळींत लिहायचे. मग सातव्या ओळीत C7 ला हे टाका आणि H पर्यंत ओढा:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6, C$2:C$6/$I$2:$I$6)
```

प्रत्येकाचा वाटा दिसेल. सातव्या ओळीची बेरीज आणि B ची बेरीज सारखी नसेल तर कुठेतरी 1 राहिलाय किंवा जास्त पडलाय. तुमचे 5,000 इथे लगेच पकडले गेले असते. हिशेबाचं ॲप वापरत असाल तर एक सांभाळा, त्यात सुरुवातीला सगळ्यांत समान वाटणीच निवडलेली असते. घाईत नोंद केली की न गेलेल्यांच्या नावावरही पैसे चढतात.

डोंगरवाट

शीट केली, 10,800, 9,300 आणि 7,500 च आले. आता कुणी कुणाला द्यायचे त्यात अडकलेय. मी 24,000 भरले, गाडी-बोटवाल्या मित्राने 21,000.

आणि एक सांगायचं राहिलं. मैत्रीण त्या दिवशी बोटीत आली होती. किनाऱ्यावर एकटीने काय करायचं म्हणून आम्हीच चल म्हणालो, आणि मित्राची जागा रिकामीच होती. तीन तास ती वरच बसून होती, आमचे कपडे-फोन सांभाळत. मित्राला हे कळल्यावर तो म्हणाला, "माझी जागा वापरली गेली ना? मग माझे 1,800 का?" रागाने नाही म्हणाला, पण म्हणाला.

वहीतली_पानं

आधी देणं-घेणं. प्रत्येकाने भरलेल्यातून त्याचा वाटा वजा करा. तुम्हाला 13,200 यायचे, गाडीवाल्याला 10,200. देणारे: मित्र 9,300, मैत्रीण 7,500, स्कूबाचे पैसे भरणारा 4,800, जेवणवाली 1,800. येणं आणि देणं दोन्ही 23,400 हवं, तसं आहे.

मोठ्या देण्यापासून सुरुवात करा. मित्राने 9,300 गाडीवाल्याला द्यायचे, मैत्रिणीने 7,500 तुम्हाला, स्कूबावाल्याने 4,800 तुम्हाला. आता तुमचे 900 आणि गाडीवाल्याचे 900 उरले, ते जेवणवालीने निम्मे-निम्मे द्यायचे. पाच वेळा पैसे हलले. सहा जणांत पाचापेक्षा जास्त वेळा हलवावे लागत नाहीत. जास्त लागले तर समजा कुठेतरी पैसे विनाकारण फिरतायत.

जागेचं म्हणाल तर माझ्या मते मैत्रिणीने काही देणं लागत नाही. तिने मागितलेलं नव्हतं, तुम्हीच चल म्हणालात. ती बसली म्हणून बोटीचं भाडं एका पैशाने वाढलं नाही.

निळी_छत्री

मला इथे तसं वाटत नाही. भाडं वाढलं नाही हे खरं, पण मग मित्रामुळेही वाढलं नव्हतं, तरी त्याला आपण 1,800 लावतोच आहोत. तीन तास समुद्रात बसून परत येणं म्हणजे काहीच न मिळणं नव्हे. रिकाम्या जागेचे 1,800 दोघांनी निम्मे घ्यावेत. मग दोघांचेही 8,400 होतात. मैत्रिणीने मित्राला फक्त 900 द्यायचे, बाकी कुणाचा आकडा हलत नाही.

वहीतली_पानं

त्याला हो म्हटल्यामुळे लावतोय, भाडं वाढल्यामुळे नाही. तिने कधीच हो म्हटलं नव्हतं. आणि तीन तास तुमचं सामान सांभाळणं हेही काम होतं, ते कुठल्या ओळीत लिहिणार?

रानपाखरू

गाडीचं कुणी बोललंच नाही. किनारा लांब असेल तर तिथवरचं इंधनही स्कूबामुळेच झालं ना? आमच्याकडे त्यावरूनच वाजलं होतं.

डोंगरवाट

गाडी तिन्ही दिवसांसाठी ठोक ठरवली होती, किती फिरलो त्यावर पैसे नव्हते. म्हणून ते सहा जणांतच ठेवते. इंधन वेगळं मोजावं लागलं असतं तर कदाचित पाच जणांत टाकलं असतं, मित्र खोलीवरच होता म्हणून. किंवा सहांतच. नीट सांगता येत नाही.

10,800, 9,300 आणि 7,500 चा हिशेब आत्ता शीटसकट ग्रुपवर टाकला, बोट आणि स्कूबा वेगळ्या ओळींत दाखवून. जागेच्या 1,800 चं मी ठरवत नाही, दोघांना एकत्र फोन करून दोन्ही मतं सांगते. जेवणवालीचे 900 आलेसुद्धा.

डोंगरवाट

फोन झाला. मैत्रीण लगेच 900 द्यायला तयार झाली, आणि मित्र म्हणतो आता नको, तिने सामान सांभाळलं हे मला माहीतच नव्हतं. दोघं एकमेकांना "तू घे, तू घे" करतायत. गाडीवाल्याला 9,300 पोचलेत. 900 चं अजून अडलंय.