‘गणिताने बाद’ कधी म्हणायचं? डेट्रॉइट १९९६ आणि मॅक्स फ्लो

पॅव्हेलियन_एंड (मूळ पोस्ट): एखादा संघ गणिताने बाद झाला की नाही यात अवघड काहीच नाही. उरलेल्या सगळ्या मॅच तो जिंकला असं धरा आणि बेरीज करा. पहिल्या नंबरच्या आजच्या विजयांइतकी भरली तर आशा आहे, नाही भरली तर विषय संपला. यासाठी मॅक्स फ्लोची, म्हणजे पाइपांतून जास्तीत जास्त किती वाहतं ते मोजायची, जाळी काढणारे लोक निव्वळ पांडित्य दाखवतात.

गुणतक्ता: हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या बेरजेत जो संघ बाद निघतो तो बादच असतो, याबद्दल वाद नाही. पण बेरीज ज्याला ‘आशा आहे’ म्हणते तो जिवंत असतोच असं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

३० ऑगस्ट १९९६ चा बेसबॉलमधला अमेरिकन लीग ईस्ट या पाच संघांच्या गटाचा तक्ता घ्या. न्यूयॉर्क ७५ विजय, बाल्टिमोर ७१, बोस्टन ६९, टोरांटो ६३ आणि तळाला डेट्रॉइट ४९. डेट्रॉइटच्या २७ मॅच शिल्लक होत्या. सगळ्या जिंकल्या तर ७६. न्यूयॉर्क तेव्हा ७५ वर, म्हणजे तुमच्या हिशेबाने डेट्रॉइटला आशा आहे.

आता ते ७६ डेट्रॉइटला देऊन टाका आणि बाकीच्या चौघांकडे बघा. कोणीही ७६ च्या वर जाता कामा नये. बरोबरीत पहिला आला तरी चालेल असं धरू. मग न्यूयॉर्कला अजून फक्त १ विजय परवडतो, बाल्टिमोरला ५, बोस्टनला ७, टोरांटोला १३. पण या चौघांना आपसात खेळायचंच आहे: न्यूयॉर्क-बाल्टिमोर ३, न्यूयॉर्क-बोस्टन ८, न्यूयॉर्क-टोरांटो ७, बाल्टिमोर-बोस्टन २, बाल्टिमोर-टोरांटो ७. बोस्टन-टोरांटो एकही नाही.

हाताने वाटून बघा. न्यूयॉर्क-बोस्टनच्या ८ मॅच आहेत आणि बोस्टनला ७ च परवडतात. म्हणजे न्यूयॉर्कचा तो एकुलता एक विजय इथेच खर्च झाला. बोस्टन भरलं, न्यूयॉर्कही भरलं. न्यूयॉर्क बाकी सगळं हरणार, तेव्हा बाल्टिमोरला ३ आणि टोरांटोला ७ मिळाले. बोस्टनला आता एकही विजय चालत नाही, म्हणून त्या २ मॅच बाल्टिमोरला. बाल्टिमोरचे ५ झाले, तेही भरलं. राहिल्या बाल्टिमोर-टोरांटोच्या ७. बाल्टिमोरला एकही जिंकता येत नाही, म्हणजे सातही टोरांटोच्या पदरात. ७ आणि ७ मिळून १४, आणि टोरांटोला चालतात १३. वाटताना कुठेही दुसरा पर्याय नव्हता. डेट्रॉइट त्या दिवशीच बाद होतं आणि तुमची बेरीज त्याला जिवंत म्हणते.

फ्लोचं जाळं म्हणजे हेच वाटप. सोर्स म्हणजे जिथून पाणी सुटतं ती जागा. तिथून प्रत्येक जोडीला एक पाइप, त्याची क्षमता म्हणजे त्या जोडीच्या उरलेल्या मॅच. जोडीतून तिच्या दोन्ही संघांकडे हवं तेवढं जाऊ शकतं. प्रत्येक संघातून सिंककडे, म्हणजे शेवटी सगळं जिथे जमतं तिकडे, एक पाइप, त्याची क्षमता म्हणजे त्याला परवडणारे विजय. सोर्समधून निघालेलं सगळं सिंकला पोचलं तर संघ जिवंत, एक जरी अडलं तरी बाद. बेंजामिन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये हे मांडलं. यात पांडित्य कुठे दिसलं तुम्हाला?

सुलभा_क: एक कळलं नाही. न्यूयॉर्कच्या २८ मॅच शिल्लक होत्या ना? तुम्ही १८ च धरल्यात. १० मॅच गाळून ‘बाद’ म्हणायचं, हे काही पटत नाही.

गुणतक्ता: ताई, गाळलेल्या मॅच डेट्रॉइटच्या फायद्यासाठीच गाळल्या आहेत. ३ तर डेट्रॉइटविरुद्धच्याच, त्या डेट्रॉइट जिंकणार असं आधीच धरलंय. उरलेल्या ७ गटाबाहेरच्या संघांशी, आणि त्या सगळ्या न्यूयॉर्क हरेल असं धरायला आपल्याला कोणी अडवत नाही. इतकी सवलत देऊनही जमत नाही, म्हणून तर ‘बाद’ ठामपणे म्हणता येतं. प्रोग्राम लिहिणारे नेमके इथेच चुकतात: आपल्याच संघाच्या मॅच जाळ्यात राहून जातात, ते विजय इतरांना वाटले जातात आणि उत्तर बिघडतं.

पॅव्हेलियन_एंड: उदाहरण मान्य. पण तुमच्याच आकड्यांनी तुमचं खंडन होतंय. परवडणारे विजय १+५+७+१३ म्हणजे २६ आणि आपसातल्या मॅच २७. संपलं! बाकी सगळ्यांची बेरीज करायची आणि तुलना करायची. पाइप, सोर्स, सिंक कशाला हवेत?

गुणतक्ता: कारण ‘बाकी सगळे’ हा गट इथे योगायोगाने लागू पडला. हा काल्पनिक तक्ता बघा. आपला संघ जास्तीत जास्त २० विजयांपर्यंत जातो. समोर अ १९, ब १९, क १८ आणि तळाला ड ८. अ-ब २ मॅच, ब-क २, अ-क १, अ-ड २, ब-ड १. परवडणारे विजय अनुक्रमे १, १, २, १२. तुमच्या रीतीने बेरीज १६ आणि मॅच ८, म्हणजे सगळं आलबेल. कुठलीही जोडी सुटी तपासली तरी काही सापडत नाही. पण अ, ब, क या तिघांना मिळून ४ विजय परवडतात आणि त्यांच्या आपसात ५ मॅच आहेत. संघ बाद. डच्या त्या १२ रिकाम्या जागांमुळे सरासरीत हे झाकलं गेलं.

कुठला गट तपासायचा हे आधी कोणी सांगत नाही. फ्लो ते सांगतो. पाणी अडलं की सोर्सपासून अजून कुठवर पोचता येतं ते बघायचं. जे संघ त्या बाजूला सापडतात तोच दोषी गट.

उनाड: मग सगळे गट तपासा की! २० संघांची लीग असली तरी बाकी १९, म्हणजे ५,२४,२८७ गट. कॉम्प्युटरला ते किरकोळ आहे. फ्लोशिवाय गत्यंतर नाही असं भासवू नका.

गुणतक्ता: हो, एवढ्या संघांना ते चालेल, मान्य करावंच लागेल. पण गट मोजून संघ जिवंत निघाला तर हातात काय पडतं? फक्त ‘दोषी गट सापडला नाही’ एवढंच. फ्लो जिवंत संघासाठी निकालांची अख्खी यादी देतो: कोणी कोणाला किती वेळा हरवलं की हा संघ पहिला येतो. ती यादी समोर ठेवली की शंकेखोर माणूस स्वतः बेरीज करून बघतो. बाद असेल तर गट दाखवा, नसेल तर यादी दाखवा. दोन्हीकडे पुरावा मिळतो, आणि मला फ्लो आवडतो तो यासाठी.

सेंटर_हाफ: बेसबॉलवर एवढा ऊहापोह, पण फुटबॉलला हे लावून दाखवा. लागत नाही. विजयाला ३, बरोबरीला १-१. म्हणजे एका मॅचमधून कधी ३ गुण बाहेर पडतात, कधी २. पाइपमधून किती सोडायचं तेच ठरत नाही. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला २ गुण होते, तेव्हा हिशेब सरळ होता. या ३ गुणांनी खेळाचं वाटोळं केलं असं माझं मत पहिल्यापासून आहे.

उनाड: वाटोळं? बरोबरीसाठी नव्वद मिनिटं मागे-मागे पास देणारे संघ तुम्ही पाहिले नाहीत वाटतं. ३ गुण आले म्हणून लोक शेवटच्या दहा मिनिटांत पुढे धावायला लागले.

सेंटर_हाफ: पाहिलेत, आणि तुमच्यापेक्षा जास्त. १-० झालं की अकराच्या अकरा जण गोलसमोर उभे राहतात, ते या ३ गुणांमुळेच. मुद्दा समजून घ्यायचा नसेल तर टंकू नका.

गुणतक्ता: भांडण बाजूला ठेवा, दोघांच्या मध्ये एक खरी गोष्ट दडली आहे. मॅचमागे गुणांची बेरीज ठरलेली असेल तर फ्लो लागतो. क्रिकेटच्या लीगमध्ये विजयाला २ आणि पावसाने धुतलेल्या मॅचला १-१ असेल तर बेरीज नेहमी २. जोडीच्या पाइपची क्षमता दुप्पट करा, झालं. ३-१-० मध्ये ती मोडते, आणि नुसती मोडत नाही, प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे प्रत्येक तक्त्याला झटपट उत्तर देणारी रीत कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नांत जाऊन बसतो. १९९९ च्या सुमारास हे सिद्ध झालंय. १९९४ च्या विश्वचषकात ३ गुण आले तेव्हा गुण ठरवणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसणार.

उनाड: एनपी-कम्प्लीट म्हटलं की लोक हात वर करतात. २० संघ, शेवटचे चार आठवडे, म्हणजे ४० मॅच. इंटिजर प्रोग्रामिंगच्या, म्हणजे पूर्णांकांतली अशी कोडी सोडवणाऱ्या, सॉल्व्हरला द्या, उत्तर येतं.

गुणतक्ता: येतं. पण तो बाद म्हणाला तर ‘हे तीन संघ बघा’ असं एका ओळीत पटवता येत नाही.

रिझर्व्ह_अंपायर: तुम्ही सगळे कागदावर बोलताय. मी एका हौशी लीगचा गुणलेखक होतो. असाच हिशेब करून आयोजकांनी एका संघाला बाद जाहीर केलं. पोरं सरावाला यायची बंद झाली, पुढच्या मॅचला सात जण उतरले. नंतर वरच्या संघाने अपात्र खेळाडू उतरवल्याचं उघड झालं, त्याचे गुण कापले आणि बाद संघाला पुन्हा वाट मिळाली. पण तोवर ती मॅच गेली होती. शेवटची मॅच होईपर्यंत ‘बाद’ हा शब्द उच्चारूच नये.

गुणतक्ता: तुमच्या पोरांचं वाईट झालं, खरंच. पण कापलेल्या गुणांचा दोष फ्लोवर टाकू नका. आजवरचे निकाल कायम राहिले तर काय, एवढंच तो सांगतो. गुण कापले की त्या संघाच्या पाइपची क्षमता वाढते, हिशेब पुन्हा करायचा.

रिझर्व्ह_अंपायर: पुन्हा केला, पण मैदानात कोण होतं? मला तुमचं पटलेलं नाही.

पॅव्हेलियन_एंड: ‘पांडित्य’ हा शब्द मागे घेतो, एवढंच. पण आमच्यासारख्यांना पहिल्या नंबरचं काय करायचंय? १० संघांच्या लीगमध्ये पहिल्या चारात येतो का, ते सांगा.

गुणतक्ता: तीन संघांना आपल्या पुढे जाऊ द्या. बाकी नऊंतून तीन निवडायचे ८४ प्रकार. प्रत्येक प्रकारात ते तिघे उरलेल्या सहांविरुद्ध सगळं जिंकतात असं धरा, आपसात काहीही होऊ दे, आणि त्या सहांवर वरचंच जाळं चालवा. ८४ पैकी एकात जरी सगळं वाहिलं तरी तुमचा संघ जिवंत. मात्र संघ आणि जागा दोन्ही वाढत गेल्या तर ही युक्ती पुरत नाही.

सुलभा_क: आणि गुण सारखे झाले तर रनरेट?

गुणतक्ता: रनरेट या जाळ्यात बसत नाही. गुणांच्या बरोबरीला चालेल म्हणा, किंवा संघांचे सिंककडचे पाइप एकाने कमी करून स्पष्ट आघाडी मागा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर निर्णय रनरेटवर जाऊ शकतो, आणि तिथे मॅच किती धावांनी जिंकली ते बघावं लागतं.