ट्रेझरी बिलातला ‘डिस्काउंट’ म्हणजे सूट की वटणावळ? आणि यील्डला काय म्हणायचं?

मीनल
मी ट्रेझरी बिलांवरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात ‘ही बिलं सवलतीच्या दरात विकली जातात’ असं लिहिलं होतं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की हे सेल लागल्यासारखं वाटतंय. ‘सूट’ केलं तरी तेच. उदाहरण असं आहे: दर्शनी किंमत 100, मुदत 91 दिवस, विक्री 98.30 ला. मधल्या 1.70 ला एका शब्दात काय म्हणायचं? आणि यील्डला नुसतं ‘व्याजदर’ चालेल का?

अभि२७
‘कसर’ म्हणा, अकाउंट्सच्या पुस्तकात व्यापारी कसर, रोख कसर असंच असतं. आणि यील्ड म्हणजे व्याजदरच की. 1.70 तीन महिन्यांचे, वर्षाचे चारपट, 6.80 टक्के. एवढं काय अवघड आहे त्यात.

जुनी खातेवही
कसर चुकीचा शब्द नाही, पण मी ‘वटणावळ’ म्हणेन. हुंडी मुदतीआधी वटवली की पेढीवाला हुंडीच्या रकमेतून जे कापून घ्यायचा ती वटणावळ. ट्रेझरी बिल ही सरकारने लिहिलेली हुंडीच आहे: अमुक दिवशी 100 देईन, मध्ये व्याज काही नाही. आज 98.30 देऊन घेतलं, मुदत संपली की 100 हातात. कुणी स्वस्तात दिलेलं नाही, 1.70 हे 91 दिवस थांबण्याचे पैसे आहेत. म्हणून ‘सूट’ खटकते. सूट मिळालेली वस्तू लगेच पूर्ण किमतीची असते, हे बिल 91 दिवसांनी पूर्ण किमतीचं होतं.

अभि, तुमचं 6.80 जवळपास आलं खरं, पण त्यात दोन गोष्टी निसटल्या. एक, 365 ला 91 ने भागलं तर 4.01 येतं, बरोबर चार नाही. ते किरकोळ आहे. दुसरी मोठी. तुम्ही 1.70 ला 100 ने भागलंत, पण खिशातून 100 गेलेच नाहीत, 98.30 गेले.

```
(100 - P) / P × 365 / d × 100
```

P म्हणजे दिलेली किंमत, d म्हणजे उरलेले दिवस. 1.70 भागिले 98.30 म्हणजे 1.7294 टक्के, त्याला 365/91 ने गुणलं की 6.94 टक्के. हे यील्ड. खाली 98.30 ऐवजी 100 ठेवले तर 6.82, तो वटणावळीचा दर.

अभि२७
म्हणजे 6.82 हा चुकीचाच आकडा का? कारण मी एका परदेशी तक्त्यात असा दर्शनी किमतीवर काढलेला दर बघितलाय, तो काही चूक म्हणून छापला नसणार

जुनी खातेवही
चुकीचा नाही, वेगळा आहे. अमेरिकेत ट्रेझरी बिलाचा दर सांगायची जुनी पद्धत तीच, दर्शनी किमतीवर, आणि वर्षही 360 दिवसांचं धरतात. त्या हिशोबाने हेच बिल 6.73 चं दिसतं. तिथे शेजारी गुंतवणुकीवरचा दरही देतात म्हणून वाचणाऱ्याची फसगत होत नाही. आपल्याकडे सरकारच्या बिलांना 365 दिवस आणि दिलेली किंमत. म्हणजे एकाच बिलाला 6.73, 6.82 आणि 6.94 असे तीन आकडे, आणि किंमत तिन्हीत 98.30 च. म्हणून माहितीपत्रकात नुसतं ‘दर’ लिहू नका, कशावरचा दर ते लिहा.

शब्दवेडा
यील्डला ‘उतारा’ कसा वाटतो? साखर उतारा म्हणतो ना आपण, गाळलेल्या उसाच्या मानाने साखर किती निघाली. खाली ऊस असतो, म्हणजे जे घातलं ते. इथेही खाली 98.30 आहेत, जे घातले ते. शब्दातच भागाकार कशाने करायचा ते आलंय!

मीनल
वा, हे आवडलं. पण वाचणाऱ्याला ‘उतारा’ म्हटल्यावर आधी सातबारा नाहीतर विषावरचा उतारा आठवेल अशी भीती वाटते. शिवाय साखरेच्या उताऱ्यात दिवस कुठे येतात, इथे तर वर्षावर नेल्याशिवाय अर्थच लागत नाही

स्वाती_प
मला दर महिन्याला व्याज देणारं काहीतरी हवं होतं म्हणून हा धागा उघडला, ट्रेझरी बिलात महिन्याचं मिळत नाही का? आणि दुसरं, मी मागे एक बिल बाजारातून घेतलं होतं, नवं नाही, आधी कुणाकडे होतं ते. 99.25 ला. वर लिहिलंय त्याच सूत्राने केलं तर 3.03 टक्केच येतंय. माझं नुकसान झालं का हो? नावावर 91 दिवसांचं असंच होतं.

जुनी खातेवही
महिन्याचं काही मिळत नाही स्वातीताई, जे काय ते शेवटी एकदाच. घेतलंत तेव्हा मुदत संपायला किती दिवस उरले होते?

स्वाती_प
40

जुनी खातेवही
मग d च्या जागी 40. बिल जन्मलं 91 दिवसांचं, तुमच्याकडे राहणार 40 दिवस. 0.75 भागिले 99.25, गुणिले 365/40, म्हणजे 6.90 टक्के. नुकसान काही नाही. 91 हे बिलाचं नाव झालं, हिशोब उरलेल्या दिवसांचा.

आणि हे दिवस मोजायचे ते पैसे खात्यातून गेले त्या दिवसापासून. लिलाव आदल्या दिवशी आणि पैसे दुसऱ्या दिवशी असं असतं, तर लिलावापासून मोजणारा 92 धरतो आणि मीनलताईंच्या बिलाचं यील्ड 6.86 काढतो. असा थोडासाच कमी आकडा आला की आधी दिवस पुन्हा मोजायचे, किंमत नंतर बघायची.

अभि२७
ओके पटलं. मग एक सांगा, शेवटच्या आठवड्यात यील्ड वेड्यासारखं उड्या का मारतं? मी 7 दिवस उरलेलं एक बघत होतो, सकाळी 6.79 आणि दुपारी 7.31. बाजारात तर काही घडलं नव्हतं.

जुनी खातेवही
किंमत बघितलीत का? 99.87 ची 99.86 झाली असणार. 0.13 वरून 0.14 झालं की 365/7 ने म्हणजे बावन्न पटीने ते फुगतं, तेवढ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक. 91 दिवसांच्या बिलात किंमत तेवढीच हलली तर फरक फक्त 0.04 टक्क्याचा. म्हणून मुदत जवळ आलेल्या बिलांच्या किमती दोनच दशांशांत दिल्या असतील तर त्यावरून काढलेल्या यील्डची तुलना मी करत नाही, चार दशांश मिळाले तर बघतो.

शब्दवेडा
मीनल, मग ‘वार्षिक उतारा’ केलंत तर? दिवसांची अडचण सुटते की.

मीनल
वटणावळ नक्की घेतेय, पहिल्यांदा येईल तिथे हुंडीचं एक वाक्य जोडून. यील्डला सध्या ‘दिलेल्या किमतीवरचा वार्षिक परतावा’ असं लांबलचक लिहिलंय, तक्त्याच्या रकान्यात ते मावत नाहीये. तिथे ‘वार्षिक उतारा’ टाकून बाईंना दाखवते उद्या.