अनुभव धागा: नव्या टीमपुढची पहिली ओळख

धागाकर्ती

नवी नोकरी लागली की पहिल्याच टीम मीटिंगमध्ये "जरा तुमची ओळख करून द्या" हे येतंच. हा धागा तेवढ्या पाऊण मिनिटासाठी. किस्से नकोत. काय बोलावं, कोणत्या क्रमानं, किती, आणि कुठे बिघडतं ते नेमकं सांगा. स्वतःचा मसुदा टाकलात तरी चालेल.

पहिला_पगार

तुमची बलस्थानं तीन सांगा, उणीव एक सांगा, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता ते सांगा. आधीची नोकरी का सोडली याचं उत्तरही तयार ठेवा.

टीमलीड

पहिला_पगार, हे मुलाखतीचं झालं. तिथे समोरचा तुम्हाला निवडायचं की नाही ते ठरवत असतो. टीममध्ये निवड झालेलीच असते. तिथे बसलेल्यांच्या मनात दोनच प्रश्न असतात: यांचा माझ्या कामाशी संबंध कुठे येणार, आणि यांना हाक कशी मारायची? बलस्थानं सांगायला लागलात की लोकांना वाटतं, हे अजून परीक्षाच देताहेत.

माझा क्रम असा: हाक मारायचं नाव, इथे नेमकं काय करणार, त्याला उपयोगी पडेल असं आधीचं एक काम, कामाबाहेरची एक ठोस गोष्ट, आणि लोकांनी तुमच्याकडे कशासाठी यावं. निवांत बोललं तर पाऊण मिनिटात साठ ते ऐंशी शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिलं असेल तर बोलताना वेग वाढतो आणि पहिला बळी नावाचा जातो.

नवी_टेस्टर

माझा मसुदा, सोमवारी बोलायचंय. नाव बदललंय:

"सर्वांना नमस्कार. माझं नाव मीनल. मी गेली सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्षेत्रात कार्यरत असून मला मॅन्युअल तसेच ऑटोमेशन टेस्टिंगचा अनुभव आहे. मला नवनवीन गोष्टी शिकायला आवडतं. वाचन, संगीत आणि प्रवास हे माझे छंद. या टीमचा भाग होताना अतिशय आनंद होत आहे."

टीम बिलिंगचं सॉफ्टवेअर करते.

टीमलीड

मीनलताई, यात खोटं काही नाही, पण यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्याही टेस्टरला जसंच्या तसं बोलता येईल. शिवाय बिलिंग हा शब्दच नाही. आधी एक सांगा, सहा वर्षांत जास्त काम कशावर झालं? आणि वाचन-संगीत-प्रवास सोडून रविवारी प्रत्यक्षात काय करता?

नवी_टेस्टर

पेमेंट ॲपवर, त्यातही रिफंड. आणि रविवारी बंद पडलेली घड्याळं उघडून बसते. पण हे सांगण्यासारखं आहे का?

टीमलीड

तेच तर सांगायचं. हे मोठ्यानं वाचून बघा:

"नमस्कार, मी मीनल. बिलिंगचं टेस्टिंग आता मी बघणार आहे. आधीची सहा वर्षं पेमेंट ॲपवर होते, त्यात सगळ्यात जास्त काम रिफंडचं. पैसे परत जाताना हिशेब कुठे चुकतो, ते शोधायला मला आवडतं. सुट्टीच्या दिवशी बंद पडलेली घड्याळं उघडून दुरुस्त करते. पहिले दोन आठवडे मी जुने बग वाचणार आहे. एखादा बग पुन्हा पुन्हा डोकं वर काढत असेल तर मला जरूर सांगा. मीनल म्हणूनच हाक मारा."

साठ-पासष्ट शब्द. "शिकायला आवडतं" काढलं, कारण दोन आठवडे जुने बग वाचणारी बाई शिकणारीच आहे हे कळतं. घड्याळांमुळे चहाच्या वेळी कुणीतरी नक्की विचारेल. तीन छंद एकदम सांगितले की एकही लक्षात राहत नाही. आणि "जुने बग वाचणार" हे मॅनेजरशी आधी बोलून घ्या, त्यांनी दुसरं काही ठरवलं असेल तर पंचाईत होईल.

आरसा

वाक्यन्‌वाक्य पाठ करा, आरशासमोर वीसदा म्हणा. दुसरा उपाय नाही.

मागचा_बाक

मोठ्यानं म्हणून बघणं पटलं, सोबत वेळही मोजा. पण पूर्ण पाठांतर एका ठिकाणी हमखास फसतं. मॅनेजर कौतुकानं आधीच सांगून टाकतात, "या मीनल, सहा वर्षं पेमेंटमध्ये होत्या." मग पाठ केलेली दोन वाक्यं हातातून जातात, आणि माणूस तीच परत म्हणतो किंवा गडबडतो. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधले फक्त मुद्दे लक्षात ठेवा.

दुसरं, गोलाकार ओळख चालू असताना आपला नंबर जवळ आला की आधीच्या माणसाचं बोलणं कानावरून जातं. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये याचा प्रयोग केला होता. आपल्या पाळीच्या अगदी आधीचं लोकांना सगळ्यात कमी आठवतं. याचा सरळ अर्थ असा की तुमच्यानंतर बोलणाऱ्यानं तुमचं धड ऐकलेलं नसतं. मीटिंग संपल्यावर त्याला आणि तुमच्या आधीच्याला आवर्जून जाऊन भेटा.

नाव शेवटी पुन्हा घेण्याचंही कारण आहे. १९८७ च्या एका प्रयोगात एकच शब्द कधी आडनाव म्हणून, कधी व्यवसाय म्हणून सांगितला होता. व्यवसाय आठवला, आडनाव निसटलं. रिफंडवाल्या बाई आधी लक्षात राहतील, नाव त्याला मागून चिकटवावं लागतं.

अडखळ

मी बोलताना अडखळतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावर. बाकी शब्द ऐनवेळी बदलता येतात, नाव कसं बदलणार? वरचा क्रम नावापासूनच सुरू होतोय.

मागचा_बाक

मग क्रम मोडा. मॅनेजरना आधी निरोप द्या, "माझं नाव तुम्ही सांगा, पुढचं मी बोलतो." किंवा कामापासून सुरुवात करून नाव मध्ये घ्या. काही जण पहिल्याच वाक्यात "मी अडखळतो, मला थोडा वेळ द्या" असं सांगून मोकळे होतात. त्यानं लपवण्याचा ताण जातो. पण पहिल्याच दिवशी एवढं उघड करायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

अडखळ

निरोपाचं जमेल. उघड सांगण्याचं अजून ठरत नाही.

दूरस्थ

ऑनलाइन मीटिंगचं कुणी लिहिलं नाही. तिथे "डावीकडून सुरू करू" चालत नाही, कारण चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा असू शकतो. बोलून झालं की पुढच्याचं नाव घेऊन पाळी द्या. चौकटीखाली ऑफिसच्या खात्याचं पूर्ण नाव दिसत असेल तर ते बदलून हाक मारायचं नाव ठेवा, नाहीतर लोक वाचतात एक आणि ऐकतात दुसरं. माइक सुरू केल्यावर एक श्वास थांबून मग नाव घ्या, पहिलं अक्षर कापलं जातं.

धागाकर्ती

घरच्यांचा उल्लेख करावा का? "दोन मुलांची आई" वगैरे?

टीमलीड

मी नको म्हणेन. बायकांना त्यावरून वेळेचे प्रश्न विचारले जातात, पुरुषांना नाही.

दूरस्थ

मला पटत नाही. संध्याकाळी सहानंतर मुलांमुळे फोन घेता येणार नसेल, तर पहिल्याच दिवशी कळलेलं टीमला बरं.

टीमलीड

वेळ जरूर सांगा, "सहानंतर मी उपलब्ध नसते." कारण सांगायलाच हवं असं नाही.

नवी_टेस्टर

मॅनेजर म्हणाले, जुने बग तीनच दिवस, मग थेट रिफंडचं टेस्टिंग. ते वाक्य बदललंय. मोठ्यानं वाचून पाहिलं, चाळीस सेकंद झाली.