अष्टम शनीत घराचा करारनामा करावा की २०२८ पर्यंत थांबावं?

भांडुपची मेघा
माझी सिंह रास, उत्तरा नक्षत्र, पहिला चरण. कांजूरमार्गला वन बीएचके पसंत केलाय, दोन लाख टोकन दिलंय, महिनाअखेर करारनामा नोंदवायचाय. एका ज्योतिषांनी सांगितलं, "अष्टम शनी आहे, फेब्रुवारी २०२८ पर्यंत कुठे सही करू नका," वर शांतीचे एकवीस हजार सांगितले. नवरा म्हणतो सही कर, सासूबाई म्हणतात थांब. पत्रिका अशी: तूळ लग्न, लग्नी शनी, वृश्चिकेत गुरू, कन्येत रवी, सिंहेत चंद्र, मंगळ, बुध, शुक्र. काय करू?

नाना, दादर
तारीख तुम्हाला बरोबर सांगितली आहे. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत, म्हणजे तुमच्या सिंहेपासून आठव्या राशीत आला. ३ जून २०२७ ला मेषेत जाईल, वक्री होऊन २० ऑक्टोबरला मीनेत परत येईल आणि २३ फेब्रुवारी २०२८ ला पुन्हा मेषेत जाईल. म्हणजे मध्ये साडेचार महिने तुमचा अष्टम शनी नसेलच, हे बहुतेक कोणी सांगत नाही.

माझा आक्षेप आहे तो नुसत्या "आठवा" या शब्दावरून फळ सांगण्याला. गोचर शनीला एखाद्या राशीत किती बळ आहे ते अष्टकवर्गात पाहतात. तिथे सात ग्रह आणि लग्न असे आठ जण आपापल्या जागेवरून मोजतात आणि पटलं तर एकेक शुभ बिंदू देतात. चंद्र आठव्या शनीला बिंदू कधीच देत नाही. चौथ्यालाही देत नाही. पण चंद्र हा आठातला एक.

तुमचंच बघू. मीन रास रवीपासून सातवी, बिंदू मिळाला. बुधापासून आठवी, बुध आठव्याला देतो, मिळाला. गुरूपासून पाचवी, मिळाला. जन्मशनीपासून आणि लग्नापासून सहावी, दोन्ही मिळाले. चंद्र, मंगळ, शुक्र यांनी नाही दिला. आठात पाच. शनीचे बाराही राशींचे मिळून ३९ बिंदू असतात, म्हणजे एका राशीला सरासरी सव्वातीन. पाच बिंदूंच्या राशीतल्या शनीला मी घर अडवणारा म्हणणार नाही. कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्या आणि सही करा.

सानिका
माझीही सिंह रास! वाढदिवस १० ऑगस्ट. गेल्या वर्षीपासून नोकरीत नुसता त्रास चाललाय, आता कारण कळलं. नाना, माझे किती बिंदू?

नाना, दादर
सानिका, १० ऑगस्टवरून मिळते ती वर्तमानपत्रातली सूर्यरास. अडीचकी, म्हणजे चौथा किंवा आठवा शनी, आणि साडेसाती चंद्रराशीवरून मोजतात आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. जन्मवेळ घेऊन आधी चंद्र कुठे आहे ते काढा. अष्टम शनी तुम्हाला लागू आहे की नाही, हे अजून ठरलेलंच नाही.

गिरगावकर
नानांचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. चंद्र म्हणजे मन. बाकीच्या पाचांनी बिंदू दिले तर काम होईल, पण ज्याच्यापासून शनी आठवा आहे त्यानेच नकार दिलाय. घर मिळेल आणि ताईंची झोप जाईल. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेताना झोपेला किंमत नाही का? शिवाय लग्नापासून मीन सहावी, म्हणजे ऋणस्थान, आणि शनी तिथेच बसलाय. माझ्या वडिलांनी अष्टम शनीत चाळीतली खोली विकली. व्यवहार सुरळीत झाला, पैसेही पूर्ण मिळाले. पण दोन वर्षं ते रोज संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन उभे राहायचे. हे बिंदूंत कुठे दिसतं? शांतीला माझा विरोध आहे, शनिवारी तेल घाला आणि पुरे. सही मात्र पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

परळचा शिक्षक
मी हे मानत नाही, तरी तुमच्याच नियमाने मोजतो. शनी मीनेत असताना साडेसाती कुंभ, मीन आणि मेषेला. चौथा शनी धनूला, आठवा सिंहेला. झाल्या पाच. दक्षिणेत कंटक शनी म्हणून सातवा आणि दहावाही धरतात, म्हणजे कन्या आणि मिथुन. बारातल्या सात राशी कायम अडचणीत. या गर्दीत कोणाचंही दुखणं शनीशी जुळतं. मेघाताईंनी थांबायचं ठरवलं तर भाडं, दर अकरा महिन्यांनी दलाली आणि वाढलेला भाव हे सगळं त्यांच्या खिशातून जाईल. टोकन परत मिळेल का, तेही विचारा.

गिरगावकर
मास्तर, आमच्याकडे कंटक म्हणजे चौथाच. सातवा-दहावा कोणी धरत नाही.

नाना, दादर
दक्षिणेत धरतात, मास्तरांचं बरोबर आहे. म्हणूनच सात राशींना सरसकट घाबरवणं मलाही पटत नाही.

मेघाताई, एक गोष्ट राहिली. उत्तराचा पहिला चरण म्हणजे सिंहेचे शेवटचे सव्वातीन अंश. घरात टिळक पंचांग वापरत असाल तर त्याचं अयनांश, म्हणजे राशींची सुरुवात ठरवणारं अंतर, नेहमीच्या पंचांगापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आहे. त्यानुसार तुमचा चंद्र कन्येत जाईल आणि शनी आठवा न राहता सातवा होईल. बाकीचे ग्रहही सरकतील, तेव्हा दोन पंचांगांची सरमिसळ करू नका. मी वर मोजलंय ते नेहमीच्या पंचांगाने.

आणि पडताळा हवा असेल तर मागे बघा. २ नोव्हेंबर २०१४ ते २६ जानेवारी २०१७ शनी वृश्चिकेत होता, तुमच्या चंद्रापासून चौथा. तिथे तुमच्या पत्रिकेत एकही बिंदू नाही, शून्य. तुम्ही काही सांगायच्या आत मी लिहून ठेवतो: माझ्या मोजणीने तो काळ आतापेक्षा स्पष्टपणे जड जायला हवा होता. गेला नसेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

भांडुपची मेघा
नाना, वाचून थोडा वेळ गप्प बसले. २०१५ च्या मे मध्ये मुलगी झाली, आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस. त्याच वर्षी दिवाळीनंतर घरमालकाने महिनाभरात खोली रिकामी करायला लावली. सहा महिन्यांची मुलगी कडेवर, आणि भांडुप स्टेशनपासून टेंभीपाड्यापर्यंत मी खोल्या बघत फिरले. २०१६ मध्ये सासऱ्यांचं आजारपण झालं, त्यात साठवलेलं सगळं गेलं. याला जड म्हणायचं की नाही, मलाच ठरवता येत नाही.

परळचा शिक्षक
ताई, कोणत्याही अडीच वर्षांत असं एक सुख आणि दोन दुःखं सापडतात. २०१७ ते २०२० चंही असंच लिहून काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.

नाना, दादर
जरूर लिहा. २०१७ नंतर शनी धनूत, तुमच्या चंद्रापासून पाचवा होता. मुलगी झाली तो दिवस माझ्या शून्यात बसत नाही, हे मान्य. पण चौथं स्थान घराचं, आणि घर गेलं तेही त्याच काळात.

गिरगावकर
म्हणूनच म्हणतो, मुलगी बिंदू विचारून आली नाही. या वेळी घराच्या हप्त्यात पगाराचा कितवा हिस्सा जातो, ते सांगा.

भांडुपची मेघा
दोघांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. आता वकिलाकडे निघालेय, बिल्डरच्या टायटलचे कागद बघायला. सासूबाईंना टिळक पंचांगाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या माहेरी तेच होतं, आणि कपाट उघडून जुनं शोधत बसल्यात.