काळ्या बॅकग्राउंडच्या नोट्स: सरळ इन्व्हर्ट करून प्रिंट काढाव्यात का?

कोमल: ऑनलाइन क्लासच्या केमिस्ट्रीच्या नोट्सची पीडीएफ आहे, सगळी पानं काळी आणि त्यावर सरांनी पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या पेनने लिहिलंय. झेरॉक्सवाले काका म्हणतात असल्या प्रिंट काढणार नाही, टोनर जातो. इन्व्हर्ट करून ब्लॅक अँड व्हाइट काढू की कलरच ठेवू?

श्रीपाद: इन्व्हर्ट कशाला? पॉवरपॉइंटमध्ये प्रिंट करताना ग्रेस्केल निवड, बॅकग्राउंड आपोआप पांढरं होतं.

वैभव: श्रीपाद, ते खऱ्या पीपीटीला चालतं, जिथे बॅकग्राउंड थीमचं आणि अक्षरं टाइप केलेली असतात. इथे अख्खं पान म्हणजे एक चित्र आहे, त्यातलं बॅकग्राउंड कुठलं हे त्याला कळणारच नाही.

कोमल, ब्लॅक अँड व्हाइटच काढ, पण आधी ग्रे करून मग इन्व्हर्ट असं सरळसोट करू नकोस. नेहमीच्या ग्रेमध्ये निळा रंग जवळपास काळाच धरला जातो, त्यामुळे उलटं केलं की निळं लिखाण पांढऱ्यात विरघळतं आणि लालही फिकं पडतं. प्रत्येक ठिपक्याचा लाल-हिरवा-निळ्यापैकी जो सर्वात जास्त आकडा असेल तोच घ्यायचा, मग कुठलंही भडक पेन काळंच उमटतं:

```
pdftoppm -r 200 -png notes.pdf p
magick p-001.png -grayscale Brightness -negate -level 0%,85% out-001.png
```

ते 85% विसरू नकोस. बरेचदा बोर्ड पूर्ण काळा नसून 0 ते 255 च्या मापात 30 च्या आसपासचा गडद राखाडी असतो, उलटा केला की 225 होतो, स्क्रीनवर पांढरा वाटतो पण प्रिंटर पानभर बारीक ठिपके मारतो आणि टोनर जातोच. पेन मंद असेल तर आकडा 90 करून बघ, नाहीतर बारीक रेघा उडतील.

ऋचा: मला नाही पटत. रिअॅक्शन मेकॅनिझममध्ये लाल बाण कुठला नि पांढरा बाँड कुठला हे रंगावरूनच कळतं, सगळं काळं केलं तर नोट्सचा उपयोग काय? फक्त लाइटनेस उलटा करा, लाल लालच राहतो.

वैभव: लाल राहतो, पण पिवळाही पिवळाच राहतो, आणि पांढऱ्या कागदावर पिवळं वाचून दाखव बरं.

ऋचा: मग पिवळा तेवढा गडद करा ना. मेकॅनिझमची पानं तरी कलरमध्येच हवीत.

दिलीपकाका: माझ्याकडे जुनी पोथी मोबाइलने स्कॅन केलीय, कडेला काळी सावली येते. वरची कमांड चालेल का?

वैभव: नाही काका, तुमचा कागद मुळात उजळच आहे, उलटं केलंत तर पोथीच काळी होईल. सावली पानभर सारखी नसते म्हणून एकच आकडाही पुरत नाही, स्कॅन टेलर नावाचं सॉफ्टवेअर वापरून बघा.

कोमल: 5 पानं करून बघितली, निळं छान आलं. पण प्रयोगशाळेतल्या फोटोचं पान निगेटिव्ह झालं 😟

वैभव: ते होणारच, फोटोची पानं वेगळी काढून मूळचीच छाप. मेकॅनिझमचं तू ठरव, मी असतो तर काळ्या प्रिंटवर लाल पेनने बाण गिरवले असते.

ऋचा: 200 पानांवर?