नंबरप्लेटवर दहा मिलिमीटरची जाडी आणि दहा मिलिमीटरचे अंतर कशासाठी?

वळणदार: माझ्या गाडीची जुनी प्लेट आमच्या पेंटरने ठसठशीत, वळणदार अक्षरांत रंगवली होती आणि ती कोणालाही वाचता येत होती. आता अक्षराची जाडी आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजून सगळ्या गाड्यांना एकाच साच्यात बसवण्याचा हा हट्ट कशासाठी? माणसाला वाचता आले म्हणजे झाले.

मोजपट्टी: गेली बारा वर्षे मी रस्त्यावर कॅमेरे बसवण्याच्या आणि त्यांनी चुकीचे वाचलेले क्रमांक तपासण्याच्या कामात आहे. ‘माणसाला वाचता आले म्हणजे झाले’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आज सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. उभ्या गाडीची प्लेट चार पावलांवरून कोणीही वाचतो. मापे ठरवली आहेत ती धावत्या गाडीसाठी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५१ नुसार मोटारीच्या प्लेटवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेषेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधले अंतर १० असावे लागते. मोटारीची लांबट प्लेट ५०० मिलिमीटरची असते. समजा, कॅमेऱ्याच्या चित्रात ती दीडशे पिक्सेल रुंद आली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ३.३ मिलिमीटर येतात. म्हणजे रेषेला तीन पिक्सेल, मोकळ्या जागेला तीन पिक्सेल आणि अक्षराच्या उंचीला जेमतेम वीस. एवढ्यावर क्रमांक वाचता येतो. मात्र पेंटरने शोभेसाठी अक्षरे जवळ आणून अंतर तीन मिलिमीटर केले, तर त्या फटीच्या वाट्याला एक पूर्ण पिक्सेलही येत नाही. तिथे पांढऱ्याऐवजी करडा ठिपका उमटतो आणि दोन अक्षरे चिकटून एक होतात.

आता यात वेग मिसळा. ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले तरी तेवढ्यात ती २८ मिलिमीटर पुढे सरकलेली असते. रस्त्यावरच्या कमानीवरून कॅमेरा सतरा अंश खाली झुकून पाहत असेल, तर त्यातली सुमारे आठ मिलिमीटर हालचाल चित्रात उभी फरफट म्हणून उतरते. इंग्रजी आठचा आकडा घ्या. त्यात एकाखाली एक तीन आडव्या रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या असतात. नियमातल्या जाडीने रेषांना ३० मिलिमीटर गेले की प्रत्येक पोकळीला साडेसतरा मिलिमीटर उरतात, आणि आठ मिलिमीटरची फरफट सोसूनही निम्म्याहून अधिक पोकळी पांढरी राहते. तुमच्या ‘ठसठशीत’ अक्षरात रेषा सोळा मिलिमीटरची असेल, तर पोकळीला साडेआठच उरतात आणि फरफट ती जवळजवळ पूर्ण गिळून टाकते. मग तो आठ आहे, सहा आहे की बी, हे ठरवण्यासारखे चित्रात काहीच शिल्लक राहत नाही. शटर आणखी कमी वेळ उघडे ठेवता येते आणि आम्ही तसे ठेवतोही, पण मग प्रकाश कमी मिळतो, म्हणजे तीही मोफत मिळणारी सोय नाही.

दोष प्लेटचा की कॅमेऱ्याचा, हे ओळखण्याची आमची पद्धत साधी आहे. एकाच कॅमेऱ्यावर त्या तासात सगळ्याच गाड्यांचे आठ आणि बी उलटसुलट होत असतील, तर काच मळलेली असते, फोकस हललेला असतो किंवा शटर बिघडलेले असते. तीच एक गाडी चार वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर चुकत असेल, तर मी तिची प्लेट पाहायला जातो, आणि तिथे बहुतेक वेळा रंगवलेली किंवा स्टिकरची जाड अक्षरे सापडतात.

ब्रशवाला: मी सांगलीकडे तीस वर्षे दुकानांच्या पाट्या आणि नंबरप्लेटा रंगवल्या. आपले गणित बरोबर असेल, पण ‘अंतर सारखे ठेवा’ हे सांगणाऱ्याने कधी हातात ब्रश धरलेला नाही, हे मी ठामपणे सांगतो. इंग्रजी एल आणि ए शेजारी आले आणि त्यांच्यात मोजून दहा मिलिमीटर सोडले, तर डोळ्याला तिथे खड्डा दिसतो. एच आणि एन यांच्यात तेवढेच दहा सोडले, तर ती जोडी कोंबल्यासारखी दिसते. चांगला पेंटर अंतर पट्टीने मोजत नाही, दोन अक्षरांमधला पांढरा रंग डोळ्याने तोलतो. माझ्या प्लेटा लांबून वाचता येत नाहीत अशी तक्रार मला एकदाही ऐकावी लागली नाही. चुका केल्या त्या स्टिकरवाल्यांनी, आणि काम गेले ते आमचे.

मोजपट्टी: आपला मुद्दा अक्षरलेखनाच्या दृष्टीने खरा आहे आणि तो मी मान्य करतो. पण दुकानाच्या पाटीवर वाचणाऱ्याला शब्द आधीपासून ओळखीचा असतो. ‘किराणा’मधले एक अक्षर पुसले तरी आपण ते मनाने भरतो. क्रमांकात शेजारच्या अक्षरावरून पुढचे अक्षर ओळखण्याची सोय नसते. तिथे प्रत्येक चिन्ह एकटे, स्वतःच्या बळावर वाचले जावे लागते, आणि त्यासाठी कोणत्याही दोन चिन्हांमध्ये किमान ठरावीक पांढरी पट्टी हवीच. आपल्यासारख्या हाताने ती सुटेलही, पण नियम सगळ्या हातांसाठी करावा लागतो.

नवेयंत्र: आपण जुन्या काळातल्या यंत्रांविषयी बोलत आहात. पूर्वीची प्रणाली आधी अक्षरे सुटी कापायची आणि मग एकेक ओळखायची, त्यामुळे चिकटलेली अक्षरे तिला झेपत नव्हती. आताच्या प्रणाली अख्खी प्लेट एकदम वाचतात आणि तिरप्या, चिकटलेल्या, हाताने लिहिलेल्या अक्षरांवरही त्यांना शिकवता येते. तंत्रज्ञान सुधारत असताना नागरिकांच्या प्लेटा बदलायला लावणे उलटे आहे.

मोजपट्टी: निम्मे बरोबर आहे. चिकटलेली अक्षरे नव्या प्रणाली खरोखरच अधिक चांगल्या वाचतात. पण जी पोकळी चित्रात उमटलीच नाही ती कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. अशा वेळी ती अधिक शक्य वाटणारे उत्तर देते, म्हणजे अंदाज करते. आणि तो अंदाज चुकला की चलन दुसऱ्याच माणसाच्या दारात जाते.

ठाणेकर_मावशी: नेमके हेच माझ्याबाबतीत झाले, म्हणून लिहिते. ज्या गावात मी आयुष्यात गेले नाही, तिथे हेल्मेटशिवाय स्कूटर चालवल्याची दोन चलने मला आली. छायाचित्रात स्कूटरचा रंग वेगळा आणि चालवणारा तरुण मुलगा होता. त्याच्या प्लेटवरचा तीन इतका जाड आणि आत वळवलेला होता की मीही तो आठ म्हणूनच वाचला असता. चलने रद्द होण्यासाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या मुलाला वळणदार तीन आवडत असेल, पण त्याच्या आवडीची किंमत मी का मोजावी, याचे उत्तर मला ‘वळणदार’ यांच्याकडून हवे आहे.

रांगेतला: हे सगळे ठीक आहे, पण नव्या प्लेटसाठी मला दिलेली तारीख दोनदा पुढे ढकलली आणि शेवटी प्लेट आली ती एका कोपऱ्यात वाकलेली. यावर कोणी बोलत नाही.

मोजपट्टी: आपला त्रास खरा आहे आणि वाकलेली प्लेट आपण बदलून मागावी. वाकलेल्या भागातली अक्षरे कॅमेऱ्याला अरुंद दिसतात, त्यामुळे हीदेखील वाचनाचीच अडचण आहे.

मायबोलीत_लिहा: माझा आक्षेप मुळावर आहे. महाराष्ट्रातल्या गाडीचा क्रमांक मराठीत का नको? नेपाळमध्ये वर्षानुवर्षे देवनागरी प्लेटा चालल्या. मिलिमीटरची चर्चा करणाऱ्यांनी देवनागरीची मापे ठरवण्याचे कष्ट कधी घेतले नाहीत आणि आता यंत्राचे निमित्त पुढे करतात.

नवेयंत्र: नियम ५० मध्ये इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंक असे स्पष्ट लिहिले आहे. दिल्लीच्या पोलिसाने आपली प्लेट कशी वाचावी?

मायबोलीत_लिहा: दिल्लीचा पोलीस हिंदी वाचतो, आणि हिंदीची लिपी देवनागरीच आहे! निदान उदाहरण तरी विचार करून द्या. चेन्नईचा पोलीस म्हणाला असतात तर मी उत्तर शोधत बसलो असतो.

ब्रशवाला: मी दोन्ही लिप्या रंगवल्या आहेत. देवनागरी अक्षरांना शिरोरेषा जोडते, त्यामुळे अक्षरांमध्ये अंतर सोडण्याचा प्रश्नच वेगळा होतो. रेष तोडली तर अक्षर उघडे पडते आणि जोडली तर सगळे एक होते. अंकांचे तसे नाही. त्यांच्यावर रेष नसते. पण घाईघाईने काढलेला १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, हे मला गिऱ्हाइकांनीच दाखवले आहे.

मोजपट्टी: येथे मला थोडे मागे सरावे लागेल. देवनागरी अंकांना शिरोरेषेची अडचण नाही, आणि १ व ९ यांचे आकार मुद्दाम वेगळे काढून मापे बांधली तर ते अंकही कॅमेऱ्याला वाचता येतील. अडचण आहे ती एकाच रस्त्यावर दोन अंकपद्धती मिसळण्याची, कारण देवनागरी सात आणि इंग्रजी सहा धूसर चित्रात एकमेकांच्या फार जवळ येतात.

मायबोलीत_लिहा: ‘वाचता येतील’ हे तुम्ही मान्य केलेत, एवढे मला पुरेसे आहे. यापुढे यंत्राचे कारण कोणी सांगू नये.

लेस्टरकर: मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे सप्टेंबर २००१ पासून नव्या प्लेटवर अक्षराची उंची ७९ मिलिमीटर, रुंदी ५०, जाडी १४, अक्षरांमधले अंतर ११ आणि दोन गटांमधले अंतर ३३ असे ठरलेले आहे. एक आणि आय सोडून सगळी चिन्हे एकाच रुंदीची असतात. गटांमधली मोकळी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा क्रमांक मी एकदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आधी राहिले ते सुरुवातीचे चार आणि मग शेवटचे तीन. सातही चिन्हे एकसलग असती तर मला ती सांगता आली नसती. येथे वाहन परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराला वीस मीटरवरची प्लेट वाचून दाखवावी लागते.

मोजपट्टी: त्याच हिशेबाने आपली ६५ मिलिमीटरची अक्षरे साडेसोळा मीटरवरून आणि दुचाकीच्या मागचे ४० मिलिमीटरचे अंक फक्त दहा मीटरवरून वाचता येतील. दुचाकीच्या त्या अंकांमध्ये अंतर पाचच मिलिमीटर ठरवले आहे आणि रेषा सातची आहे, म्हणजे तिथे चुकीला मोटारीपेक्षाही कमी जागा आहे. मावशींच्या चलनाचे मूळ तेच असावे.

ब्रशवाला: मग मला एक सांगा. इंग्लंडवाल्यांनी रुंदीही ठरवली. आपल्या नियम ५१ च्या तक्त्यात उंची, जाडी आणि अंतर एवढेच आहे. मी आठ तीस मिलिमीटर रुंद काढला किंवा पन्नास, दोन्ही वेळा मी नियमातच. तीसचा काढला तर दोन उभ्या रेषा वजा जाता पोकळीला दहाच मिलिमीटर उरतात. हे आपल्या मोजपट्टीत कुठे बसते?

मोजपट्टी: बसत नाही. त्या तक्त्यात रुंदीचा रकाना हवा होता. साच्यातून उठवलेल्या नव्या प्लेटांमुळे ही उणीव झाकली जाते, कारण एका साच्यातला आठ प्रत्येक प्लेटवर एकाच रुंदीचा निघतो.

वळणदार: मावशींना झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटते आणि गाडीला मी नवी प्लेट लावून घेतली आहे. तरीही ब्रशवाल्यांसारख्या माणसाच्या हातची दहा मिलिमीटरची रेषा साच्यातल्या रेषेपेक्षा वाचायला वाईट असते, हे कोणीही दाखवून दिलेले नाही. माझी जुनी प्लेट मी आज पट्टीने मोजली. जाडी तेरा निघाली आणि अंतर सहा.