वारा सरण्यावर सिमेथिकोन आणि चारकोल: विकायलाच नकोत की वापरायचं कळत नाही?

रानवाट: वय ५४, बँकेतली बैठी नोकरी, शुगर आहे. दोन-अडीच महिने झाले, वारा फार सरतो. वास फारसा नाही, पोट दुखत नाही, पण मीटिंगमध्ये बसायची भीती वाटते. आधी सिमेथिकोन घेतली, पंधरा दिवसांनी चारकोलची काळी गोळी. काडीचा फरक नाही. माझं मत असं झालंय की या गोळ्या दुकानात ठेवायलाच नकोत. तुमचं काय? आणि दिवसाला किती वेळा म्हणजे नॉर्मल?

औषधपेटी: साताऱ्याजवळ २२ वर्षं मेडिकल चालवतोय. धडधाकट माणसाचा वारा दिवसाला १० ते २० वेळा सरतो. २५ वेळा झालं तरी एवढ्यावरून कुणाला आजारी म्हणत नाहीत. बहुतेकांना स्वतःचा आकडा माहीतच नसतो. म्हणून आधी मोजा. खिशात चिठ्ठी ठेवा, प्रत्येक वेळी एक रेघ, सात दिवस. खाल्लेलंही लिहा.

गोळ्यांबद्दल. सिमेथिकोन गॅस कमी करत नाही. फेसातले छोटे बुडबुडे ती एकमेकांत मिसळवते आणि त्यांचा मोठा बुडबुडा होतो, बस. दुर्बिणीची तपासणी करायच्या आधी पोटातला फेस हटवायला ती देतात, तिथे तिचं काम चोख आहे. पण तुमचा वारा तयार होतो मोठ्या आतड्यात. न पचलेलं पिष्ट आणि साखर तिथल्या जंतूंना मिळते, ती आंबते, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. या दोन्हींना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, आणि त्यांचं प्रमाण अगदी नगण्य असतं. तुमच्याकडे वारा जास्त आणि वास कमी, म्हणून मला पिष्टाचा संशय येतोय. शुगरच्या गोळ्यांची नावं सांगा. अडीच महिन्यांपूर्वी काय बदललं?

बापूसाहेब: अहो, एवढा काथ्याकूट कशाला? सकाळी अनशापोटी पँटोप्राझोल घ्या. मी सहा वर्षं घेतोय. मलाही गॅस होतो, जिना चढलो की छातीत भरून येतं, ढेकर आला की मोकळं वाटतं.

औषधपेटी: बापूसाहेब, प्रश्न खालून सरणाऱ्या वाऱ्याचा आहे. पँटोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करते, मोठ्या आतड्यातला वायू तिने घटत नाही. आपल्याकडे आंबट ढेकर, जळजळ, पोटफुगी आणि वारा या सगळ्याला 'गॅस' म्हणतात आणि एकाची गोळी दुसऱ्याला जाते. पण तुमच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. जिना चढताना छाती भरते आणि थांबल्यावर मोकळी होते, हे हृदयाचंही असू शकतं. ढेकर आला म्हणून ते गॅसचंच, असं ठरत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढून घ्या. आणि बसल्या जागी छाती भरली किंवा घाम फुटला, तर वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

भीमाकाठ: चारकोलला सरसकट निकामी ठरवू नका. सक्रिय कोळसा वायू शोषतो हे रसायनशास्त्र आहे, म्हणून तर पाण्याच्या फिल्टरमध्ये तो असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये 'जेवणानंतरचा जास्तीचा वायू कमी होतो' हा दावा मान्य केलाय. मी लग्नाच्या जेवणानंतर दोन गोळ्या घेतो आणि मला फरक पडतो. रानवाट यांना पडला नाही, म्हणून दुकानातूनच काढून टाका म्हणणं चूक आहे.

औषधपेटी: युरोपचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण मात्रा सांगायची राहिली. जेवणाच्या किमान अर्धा तास आधी १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम, अशी ती अट आहे. माझ्या फळीवरच्या पट्ट्यांवर चारकोल लिहिलेला असतो ७५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे १ ग्रॅमला २५०च्या चार गोळ्या, ७५च्या तेरा-चौदा. तुम्ही दोन घेता.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत मायकेल लेव्हिट यांनी आतड्यातल्या वायूंवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या गटाने १९९९ मध्ये मोजक्या निरोगी लोकांना आठवडाभर रोज चार वेळा अर्धा-अर्धा ग्रॅम चारकोल दिला आणि बाहेर पडणारा वायू मोजला. ना वायू घटला, ना वास. मोठ्या आतड्यापर्यंत पोचेस्तोवर कोळशाची छिद्रं अन्नरसानेच भरून जातात, असं त्याचं कारण दिसतं. फिल्टरमधला कोळसा स्वच्छ पाण्यात असतो, पोटातला वरणभातात. तोच कोळसा कपड्याच्या आत गादीसारखा बसवला तर गंधकाचे वायू बऱ्यापैकी धरतो, कारण तिथे तो कोरडा असतो.

भीमाकाठ: मोजके निरोगी लोक म्हणजे पुरावा झाला का? ज्यांना त्रास आहे त्यांच्यावर करून बघा.

औषधपेटी: ही हरकत मला मान्य आहे. दोन्हीकडचे अभ्यास लहान आहेत. मी एवढंच म्हणेन, की फायदा धूसर आहे आणि तोटा मला समोर दिसतो. चारकोल औषधंही शोषतो. थायरॉइडची गोळी, गर्भनिरोधक गोळी, झटक्यांची औषधं, यांच्याबरोबर तो घेणारी माणसं माझ्याकडे येतात आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. शौच काळी होते ती वेगळीच. त्यात खरा रक्तस्राव झाकला जाऊ शकतो.

मोगरा: माझा अनुभव सांगते. मला ३५ वेळा व्हायचं. ऑफिसात दिवसभर दाबून धरायचे, संध्याकाळी पोट ढोलासारखं व्हायचं. मी दिवसाला आठ-दहा शुगरफ्री च्युइंगगम खायचे, शिवाय दुधात प्रोटीन पावडर. गम सोडला, पावडर दुधाऐवजी पाण्यात घ्यायला लागले, पंधरा दिवसांत निम्म्यावर आलं. दही-ताक मला चालतं, पेलाभर दूध चालत नाही. रानवाट, तुम्हीही दूध सोडून बघा, नक्की तेच असणार.

औषधपेटी: ताई, तुमचं जुळतं. शुगरफ्री गममधलं सॉर्बिटॉल नीट शोषलं जात नाही, आणि दुधाचा त्रासही प्रौढांत पुष्कळ असतो. पण दूध तुमचं कारण होतं. त्यांचं माहीत व्हायचंय.

सुगरण: डाळी-कडधान्यांचा विषय कुणी काढलाच नाही. चवळी, राजमा, छोले आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचं. मटकीला चांगले मोड आणायचे. वायू करणारी साखर काही पाण्यात उतरते, काही मोड येताना खर्च होते. हिंग-ओव्याची फोडणी तर आहेच.

भीमाकाठ: ते पाणी फेकलं की जीवनसत्त्वंही गेली. हे कशाला?

सुगरण: थोडी जातात, नाकारत नाही. पण पोट बिघडतं म्हणून कडधान्यच सोडणाऱ्या माणसाचं नुकसान त्याहून मोठं आहे.

औषधपेटी: भिजवण्याबद्दल सुगरणताईंशी सहमत. हिंग-ओव्याचा वाऱ्यावर पक्का पुरावा मी पाहिलेला नाही, पण फोडणीपुरतं घ्यायला माझी हरकत नाही. आणखी एक, कडधान्य किंवा कोंडा एकदम वाढवू नका. दोन-तीन आठवडे थोडं थोडं वाढवलं की आतडं सरावतं.

रानवाट: सात दिवस मोजलं. ३४, ३१, ३६, ३३, ३९, ३०, ३५. ३९ ही एकादशी होती, साबुदाण्याची खिचडी आणि रताळं. गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज ०.३ एकत्र असलेली, दोन वेळा जेवणाबरोबर. ती अडीच महिन्यांपूर्वीच बदलून दिली. त्याच सुमाराला मी साध्या मिठाईऐवजी शुगरफ्री पेढे सुरू केले, रोज तीन-चार.

औषधपेटी: झालं, धागा इथेच जुळला. व्होग्लिबोज लहान आतड्यातली पिष्ट फोडणारी विकरं अडवते, म्हणून जेवणानंतरची शुगर चढत नाही. पण अडलेलं पिष्ट जातं कुठे? खाली, जंतूंकडे. साबुदाणा आणि रताळं म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, म्हणून एकादशीला ३९. मेटफॉर्मिनही काहींना वायू करते. वरून पेढे. वेष्टन वाचा, माल्टिटॉल लिहिलं असेल तर तेही पूर्ण शोषलं जात नाही.

दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने कमी झालं ते कळणार नाही. आधी फक्त पेढे बंद, पाच दिवस रेघा. मग ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. व्होग्लिबोज स्वतःहून थांबवू नका. कमी मात्रेवरून हळूहळू चढवली की वारा बऱ्याच जणांचा घटतो. आणि चारकोल आजच बंद करा. याच कुळातल्या अकार्बोजच्या माहितीपत्रकात तो बरोबर घेऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो घेत होतात तेवढे दिवस तुमच्या शुगरच्या गोळ्या कदाचित त्यानेच थोड्या निकामी केल्या असतील.

अजून एक, हे विसरू नका. ग्लिमेपिराइडने शुगर घसरली, हातपाय थरथरले, तर साधी साखर किंवा सरबत घेऊन लवकर उतार पडणार नाही, कारण ती फोडणारी विकरंच अडवलेली आहेत. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा.

मोगरा: हे मला अजिबात माहीत नव्हतं. बाबांची गोळी बघते आज.

रानवाट: पेढे बंद केल्यावर पाच दिवस: ३०, २७, २८, २६, २७. वेष्टनावर माल्टिटॉल होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून व्होग्लिबोज ०.२ केली. आता तिसरा आठवडा, आकडा १९ ते २२. रात्री जेवून वीस मिनिटं शतपावली करतो, त्याने आकडा फार बदलला नाही, पण पोटाचा ताण उतरतो. जेवणानंतरची शुगर पुढच्या मंगळवारी तपासायची आहे. ती वाढली असेल तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. सिमेथिकोनबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

भीमाकाठ: माझंही चारकोलबद्दल नाही. पण मी रेघा ओढतोय, सात दिवस गोळीशिवाय आणि सात दिवस गोळीसह. इतर कुठलंही औषध मला सुरू नाही. आकडे इथेच टाकीन.

औषधपेटी: टाका, मी वाट बघतो. जेवण दोन्ही आठवडे सारखं ठेवा, नाहीतर तुलना बिघडेल. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाऱ्याबरोबर वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय असेल, तर रेघा मोजत बसू नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलंच राहत असेल तर अंडाशयाची तपासणीही करून घ्यावी. बापूसाहेब, ईसीजी काढलात का?